अदलाबदल कोणती, तेही लिहा

गणिताच्या वहीत ‘व्यापकतेला बाध न येता a ≥ b ≥ c मानू’ हे वाक्य कुठे ना कुठे येतेच. ऑलिंपियाडची तयारी करणारी मुले त्याला नुसते ‘डब्ल्यूएलओजी’ म्हणतात आणि तीन संख्या दिसल्या की पहिल्याच ओळीत ते लिहून मोकळी होतात. वाक्य मुळात चांगले आहे. तेच तेच सहा वेळा लिहिण्याचा त्रास ते वाचवते आणि सिद्धता वाचायलाही सोपी करते. पण त्यात एक दावा दडलेला असतो : जे प्रकार मी सोडून देतो आहे, ते सगळे नावे बदलून मी हाताळलेल्या प्रकारातच येतात. हा दावा खरा असेल तर एका प्रकाराची सिद्धता सगळ्यांची सिद्धता होते. तो खोटा असेल तर सिद्धतेला भगदाड पडते. ते चटकन दिसतही नाही, कारण त्यापुढची प्रत्येक ओळ अगदी बरोबर असते.

म्हणून सिद्धता लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि ती तपासणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. या वाक्याच्या पाठोपाठ आणखी एक वाक्य लिहिण्याची, आणि ते मागण्याची, सवय लावून घ्या. कोणत्या अक्षरांची अदलाबदल केली असता दिलेले विधान जसेच्या तसे राहते, ते त्या वाक्यात सांगायचे. बस्स, इतकेच. एवढ्यासाठी अख्खा लेख कशाला, असे वाटेल. पुढची सिद्धता वाचा.

विधान असे : a, b, c या कोणत्याही धन संख्या असल्या तरी a²b + b²c + c²a ही राशी ab² + bc² + ca² पेक्षा लहान नसते.

सिद्धता : व्यापकतेला बाध न येता a ≥ b ≥ c मानू. पहिल्या राशीतून दुसरी वजा केली की उत्तराचे अवयव (a − b)(b − c)(a − c) असे पडतात. आपल्या मानलेल्या क्रमामुळे तिन्ही कंस शून्य किंवा धन आहेत, म्हणून गुणाकारही शून्य किंवा धन. सिद्ध झाले.

अवयव पाडून पाहा, बरोबर आहेत. चिन्हेही बरोबर आहेत. a = ३, b = २, c = १ घेतले तर पहिली राशी १८ + ४ + ३ म्हणजे २५ येते, दुसरी १२ + २ + ९ म्हणजे २३. विधान टिकले. आता त्याच तीन संख्या उलट्या क्रमाने ठेवा, म्हणजे a = १, b = २, c = ३. पहिली राशी २ + १२ + ९, म्हणजे २३. दुसरी ४ + १८ + ३, म्हणजे २५. विधान पडले. खोट्या विधानाची ही ‘सिद्धता’ चार ओळींची आहे आणि तिच्यात पहिल्या ओळीखेरीज कुठेही चूक नाही.

हेच वाक्य बिनधोक कुठे वापरता येते, तेही पाहू. म्हणजे फरक कळेल. सहाजण एका ठिकाणी जमले आहेत. त्यांच्यात एक तर असे तिघे सापडतील की जे सगळे एकमेकांना ओळखतात, नाही तर असे तिघे सापडतील की ज्यांच्यातले कोणीच कोणाला ओळखत नाही. हे कोडे पुष्कळांना माहीत असेल. सिद्धता अशी : त्यातली कोणतीही एक व्यक्ती घ्या. उरलेल्या पाचांपैकी निदान तिघे तिच्या ओळखीचे असतील, किंवा निदान तिघे अनोळखी असतील. व्यापकतेला बाध न येता तिघे ओळखीचे आहेत असे मानू. या तिघांपैकी कोणी दोघे एकमेकांना ओळखत असतील, तर ते दोघे आणि आपली पहिली व्यक्ती मिळून ओळखीचे तिघे झाले. तसे दोघे नसतील, तर हे तिघेच परस्परांना अनोळखी ठरले.

इथे आपण ‘तिघे अनोळखी’ हा प्रकार सोडून दिला. तो कशाच्या जोरावर? ‘ओळखीचे’ आणि ‘अनोळखी’ या शब्दांची सगळीकडे अदलाबदल करून पाहा. जे सिद्ध करायचे ते विधान बदलत नाही, कारण त्यात दोन्हीकडे तीनच माणसे आहेत. म्हणून सोडलेल्या प्रकाराची सिद्धता हवी असेल, तर आपलीच सिद्धता घ्यायची आणि हे दोन शब्द उलटसुलट करायचे. नवा विचार काहीच करावा लागत नाही.

आता विधान थोडे बदला. नऊजण जमले तर त्यांच्यात परस्परांच्या ओळखीचे तिघे किंवा परस्परांना अनोळखी असे चौघे सापडतातच. हेही खरे आहे. पण इथे ‘ओळखीचे’ आणि ‘अनोळखी’ यांची अदलाबदल केली तर तीन आणि चार यांच्या जागा बदलतात आणि हाती वेगळेच विधान येते. या सिद्धतेत पहिल्या पायरीवर ‘व्यापकतेला बाध न येता’ लिहून एक बाजू सोडून दिली, तर सोडलेल्या बाजूबद्दल आपण काहीच सांगितलेले नसते. त्या दोन बाजू स्वतंत्रपणेच हाताळाव्या लागतात. कोडी दिसायला भावंडे. सवलत मात्र एकीलाच.

पुन्हा a, b, c कडे येऊ. तीन संख्यांचे लहान-मोठेपणाचे क्रम सहा. विधान ‘पूर्ण सममित’ असेल, म्हणजे कोणत्याही दोन अक्षरांची अदलाबदल केली तरी तसेच राहत असेल, तर या सहांपैकी कोणताही क्रम a ≥ b ≥ c मध्ये बदलून घेता येतो आणि एक प्रकार पुरतो. पण ज्या राशीपासून आपण सुरुवात केली, ती a²b + b²c + c²a, पूर्ण सममित नाही. a आणि b यांची अदलाबदल केली की तिची b²a + a²c + c²b होते, म्हणजे नेमकी दुसरी राशी. ती बदलत नाही फक्त एका प्रकारच्या बदलाने : a च्या जागी b, b च्या जागी c, c च्या जागी a. अशा राशीला चक्रीय म्हणतात.

तिघेजण गोल बसले आहेत असे समजा. सगळ्यांनी एकेक जागा सरकून बसायचे ठरवले, तर सर्वांत उंच माणसाला दारासमोरच्या जागेवर आणता येईल. पण त्याच्या उजव्या हाताला कोण बसणार हे मात्र सरकण्याने बदलणार नाही. आधी जो होता तोच राहणार. चक्रीय विधानात नेमकी एवढीच मोकळीक असते. ‘a सर्वांत मोठी’ हे मानता येते. त्यापुढे b मोठी की c मोठी हे ठरवायचा अधिकार आपल्याकडे उरत नाही. सहा क्रमांचे तीन-तीनचे दोन गट पडतात : एका गटाचा प्रतिनिधी a ≥ b ≥ c, दुसऱ्याचा a ≥ c ≥ b. एका गटातला क्रम फिरवून दुसऱ्या गटात कधीच नेता येत नाही. म्हणून प्रकार दोन, आणि दोन्हींची सिद्धता हवी.

हे सगळे एका खऱ्या प्रश्नावर पाहण्यासारखे आहे. १९८३ साली पॅरिसला झालेल्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचा सहावा, म्हणजे शेवटचा प्रश्न असा होता : a, b, c या एका त्रिकोणाच्या बाजूंच्या लांब्या आहेत, तर सिद्ध करा की

a²b(a − b) + b²c(b − c) + c²a(c − a) ≥ 0

आणि समानता केव्हा येते ते सांगा. (भारत या स्पर्धेत उतरला तो १९८९ साली. पुढे १९९६ मध्ये ती मुंबईतच भरली.) सोयीसाठी डाव्या बाजूच्या राशीला E म्हणू.

तयारीच्या वर्गात हा प्रश्न घातला की बऱ्याच वह्यांत पहिली ओळ ठरलेली : व्यापकतेला बाध न येता a ≥ b ≥ c. पुढे जरा खटपट केली की E ची छान मांडणी मिळते.

E = (a − b)(a − c)(ab + bc − c²) + bc(b − c)²

उजवीकडचे कंस सोडवून पाहा, ती बरोबर आहे. शेवटच्या पदात वर्ग आहे, ते ऋण होणार नाही. पहिल्या पदात (a − b) आणि (a − c) शून्य किंवा धन. उरला कंस ab + bc − c². त्यात b ≥ c असल्याने bc हे c² पेक्षा लहान नाही, म्हणून हा कंस धन. E शून्य किंवा धन आली आणि प्रश्न सुटला. ऑलिंपियाडचा सहावा प्रश्न, आणि इतक्या सहज!

इथेच थांबून एक गोष्ट विचारायची. a, b, c या त्रिकोणाच्या बाजू आहेत, ही अट या सिद्धतेत कुठे वापरली? कुठेच नाही. दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते, याचा उल्लेखही आला नाही. मग ही सिद्धता खरी असेल तर ती त्रिकोणाच्याच काय, कोणत्याही तीन धन संख्यांना लागू पडायला हवी. प्रश्न काढणाऱ्यांनी त्रिकोण उगीच घातला असेल का? a = ६, b = १, c = ४ घेऊन पाहू. पहिले पद ३६ × १ × ५ म्हणजे १८०. दुसरे १ × ४ × (−३) म्हणजे −१२. तिसरे १६ × ६ × (−२) म्हणजे −१९२. बेरीज −२४. राशी ऋण आली. १ आणि ४ यांची बेरीज ६ पेक्षा कमी असल्याने हा त्रिकोण नाही, म्हणून मूळ प्रश्नाला काही धक्का लागत नाही. पण आपल्या सिद्धतेला लागतो. तिच्या हिशेबाने ही बेरीज ऋण यायलाच नको होती.

मग अडले कुठे? या संख्यांचा क्रम a ≥ c ≥ b असा आहे. त्याच संख्या a = ६, b = ४, c = १ अशा ठेवल्या तर बेरीज २८८ + ४८ − ३०, म्हणजे ३०६ येते. a ≥ b ≥ c या गटात E खरोखरच नेहमी शून्य किंवा धन असते, त्रिकोण असो वा नसो. म्हणजे तो अर्धा भाग सोपा आहे. त्रिकोणाची गरज पडते ती दुसऱ्या अर्ध्यात. ‘व्यापकतेला बाध न येता’ लिहून त्या मुलाने प्रश्नाचा अवघड अर्धा भागच बाजूला ठेवला, सोपा सोडवला आणि पूर्ण गुणांची अपेक्षा धरली. मुद्दाम कोणी असे करत नाही. पण ही चूक होते तेव्हा सुटून जाणारा भाग अवघडच असायचा संभव जास्त, कारण सोयीचा क्रम निवडायला आपला हात आपोआप जातो.

म्हणून मी मुलांना सांगत असतो की, सिद्धता पूर्ण झाली की दिलेल्या अटींची यादी करा आणि प्रत्येकीसमोर ती कोणत्या ओळीत वापरली ते लिहा. एखादी अट कुठेच लागली नसेल तर दोनच शक्यता. एक तर तुम्ही मागितल्यापेक्षा जास्त सिद्ध केले आहे, नाही तर एखादा प्रकार वाटेत सांडला आहे. स्पर्धेच्या प्रश्नात बहुधा दुसरीच शक्यता खरी निघते. अशा वेळी ती अट मोडणारी तीन साधी मूल्ये घ्या आणि सगळ्या क्रमांत घालून पाहा. वर आपण तेच केले. त्याला दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

याच प्रश्नाचे एक उत्तर गाजले. पश्चिम जर्मनीच्या बर्नहार्ड लीब या स्पर्धकाला त्यासाठी खास पारितोषिक मिळाले. त्याने राशीची वेगळीच मांडणी केली.

E = a(b − c)²(b + c − a) + b(a − b)(a − c)(a + b − c)

आता पाहा. (b − c)² हा वर्ग. (b + c − a) आणि (a + b − c) हे दोन्ही कंस धन, कारण त्रिकोणात दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते. ती अट इथे दोनदा कामाला आली. मग फक्त (a − b)(a − c) उरते. ते शून्य किंवा धन असायला a ही सर्वांत मोठी बाजू असली की पुरे. b मोठी की c मोठी याच्याशी त्याला देणेघेणे नाही. आणि ‘a सर्वांत मोठी’ एवढेच मानायची परवानगी चक्रीय राशी आपल्याला देते. जेवढी मोकळीक होती तेवढीच त्याने घेतली, कणभरही जास्त नाही. मला या उत्तराचे कौतुक आहे ते त्याच्या लांबीपेक्षा यासाठी.

पडताळा हवा असेल तर a = ६, b = २, c = ५ हा त्रिकोण घ्या. इथे पहिल्या मांडणीतला ab + bc − c² हा कंस १२ + १० − २५, म्हणजे −३ येतो. b ≥ c नसल्यामुळे त्या सिद्धतेचा आधारच सुटला. लीबच्या मांडणीत मात्र पहिले पद ६ × ९ × १ म्हणजे ५४, दुसरे २ × ४ × १ × ३ म्हणजे २४, बेरीज ७८. मूळ राशीत थेट मूल्ये घातली तरी २८८ − ६० − १५० म्हणजे ७८ च येते. समानतेचेही उत्तर या मांडणीतून आयतेच मिळते. दोन्ही पदे शून्य व्हायला हवीत. पहिल्यावरून b = c, मग दुसऱ्यावरून a = b, म्हणजे त्रिकोण समभुज.

आता समजा, कोणी सुरुवातीला रीतसर ‘राशी चक्रीय आहे म्हणून a सर्वांत मोठी मानू’ असे लिहिले आणि चार ओळींनंतर म्हटले, ‘तसेच व्यापकतेला बाध न येता b ≥ c मानू.’ ही चूक पहिलीपेक्षा जास्त लपते, कारण पहिले वाक्य योग्य होते. पण सममिती एकदा वापरली की ती खर्च होते. a ला सर्वांत मोठी म्हटल्यानंतर आपल्या हातात ‘E शून्य किंवा धन आहे’ एवढेच विधान नसते. ‘a सर्वांत मोठी आहे’ ही अटही त्याला चिकटलेली असते. दुसऱ्यांदा अदलाबदल करायची असेल तर ती या दोन्ही गोष्टी शाबूत ठेवणारी हवी. b आणि c यांची अदलाबदल केली तर अट टिकते, पण E बदलते. चक्र फिरवले तर E टिकते, पण अट मोडते. म्हणजे दुसऱ्या वाक्याला आधार उरत नाही. सिद्धतेत हे वाक्य दुसऱ्यांदा दिसले की तपासणाऱ्याने तिथे पेन्सिलीने खूण करावीच.

विधान सममित आहे की चक्रीय, हे नुसते बघून ठरवू नका. अनेकांना ओळखीची असलेली नेस्बिटची असमानता घ्या : धन a, b, c साठी a/(b + c) + b/(c + a) + c/(a + b) ही बेरीज ३/२ पेक्षा लहान नसते. लिहिण्याच्या पद्धतीमुळे ती चक्रीय वाटते. पण a आणि b यांची अदलाबदल करा : पहिले पद दुसऱ्याच्या जागी जाते, दुसरे पहिल्याच्या, तिसरे जागच्या जागी राहते. बेरीज तीच. म्हणजे ती पूर्ण सममित आहे आणि तिथे a ≥ b ≥ c बेधडक लिहावे. उलट a/b + b/c + c/a ही राशी तितकीच सुबक दिसते, पण a आणि b ची अदलाबदल केली की b/a + a/c + c/b होते, जी वेगळी आहे. तीन अक्षरांपुरती कसोटी सोपी आहे. एकदा चक्र फिरवा, एकदा कोणत्याही दोघांची अदलाबदल करा. दोन्हींनी विधान तसेच राहिले तर सहाही क्रम एकमेकांत बदलता येतात. फक्त चक्राने राहिले तर दोन प्रकार. मात्र ही कसोटी नुसत्या राशीवर लावून भागत नाही, दिलेल्या अटींवरही लावायला हवी. राशी सममित असली आणि सोबत ‘c ही सम संख्या आहे’ अशी अट असली, तर c ला तुम्ही कोणाच्याही जागी बसवू शकत नाही.

मापाबद्दलही थोडे. ‘व्यापकतेला बाध न येता a + b + c = १ मानू’ असेही लिहितात. इथे सोडलेला प्रकार परत मिळवायचा मार्ग म्हणजे तिन्ही संख्यांना एकाच धन संख्येने गुणणे किंवा भागणे. विधानातल्या प्रत्येक पदाचा घात सारखा असेल तरच ते त्याने बदलत नाही. लीबच्या प्रश्नात प्रत्येक पद चौथ्या घाताचे आहे, तिथे हे चालते. पण a² + b² + c² ≥ a + b + c या विधानात डावीकडे दुसरा घात, उजवीकडे पहिला. abc = १ असेल तर हे विधान खरे आहे. ‘व्यापकतेला बाध न येता abc = १’ म्हणून ते सगळ्या धन संख्यांसाठी सिद्ध केले, तर a = b = c = १/२ घेताच डावीकडे ३/४ आणि उजवीकडे ३/२ येऊन पितळ उघडे पडते. abc = १ ही अट प्रश्नातच दिलेली असणे आणि ती आपण मानून घेणे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

संगणकावर सिद्धता तपासणाऱ्या प्रणालींनी हा दावा मुकाट्याने मान्य करायला केव्हाच नकार दिला आहे. जॉन हॅरिसन यांनी २००९ साली या एकाच विषयावर एक निबंध लिहिला. भूमितीत ‘हा बिंदू आरंभबिंदू मानू’ असे आपण सहज म्हणतो, ते यंत्राला पटवून देण्यासाठी काय काय करावे लागते, ते त्यात आहे. लीन या प्रणालीत तर `wlog` नावाची आज्ञाच आहे. ती दिली की यंत्र कामाचे दोन भाग करते. एका भागात मानलेला प्रकार सिद्ध करायचा. दुसऱ्या भागात, मानलेले गृहीत खरे नसेल तेव्हाही विधान पहिल्या भागावरून कसे मिळते, ते दाखवायचे. आपल्या सुरुवातीच्या खोट्या विधानात पहिला भाग सहज पार पडेल. दुसऱ्या भागाशी कितीही झटापट केली तरी तो पूर्ण होणार नाही.

कागदावर लिहिताना यंत्राइतके काटेकोर असायची गरज नाही. एक वाक्य पुरते. ‘a च्या जागी b, b च्या जागी c, c च्या जागी a घातल्यास विधान बदलत नाही, म्हणून a सर्वांत मोठी मानू.’ किंवा ‘विधान तिन्ही अक्षरांत सममित आहे, म्हणून a ≥ b ≥ c मानू.’ हे वाक्य लिहायला बसले की खोट आपोआप उघडी पडते, कारण चक्रीय विधानापुढे दुसरे वाक्य लिहिताना हात अडखळतो. अडखळला तर दोन्ही प्रकार सरळ लिहून काढा. दुसरा प्रकार खरोखर पहिल्यासारखाच निघाला तर तो तीन ओळींत संपेल. नाही संपला, तर तो लिहिणे भागच होते.

शिक्षकांनाही एक सांगणे आहे. ‘दुसरा प्रकार याचप्रमाणे’ असे उत्तरपत्रिकेत दिसले की मुलाला बोलावून तो प्रकार फळ्यावर करायला सांगा; तिथल्या तिथे कळेल. आणि ज्या मुलाने सममिती न वापरता सहाच्या सहा क्रम लिहून काढले असतील, त्याची सिद्धता लांबलचक आणि कंटाळवाणी असली तरी बरोबर आहे. लांबीसाठी त्याचा एकही गुण कापू नका.